शैक्षणिक कर्ज लवकर फेडलं की पैसे गुंतवले? तुमचे अनुभव लिहा

माझा धाकटा भाऊ ओंकार नाशिकहून एमएस करायला अमेरिकेत गेला. आता ऑस्टिनला नोकरी करतो, एच-१बी व्हिसावर. कर्ज ३२ लाख शिल्लक आहे, व्याज साडेदहा टक्के, मुदत अजून दहा वर्षं, हप्ता साधारण ४३,२०० रुपये. तारण आमचा इंदिरानगरचा फ्लॅट, आणि बाबा सहकर्जदार.

तिथला खर्च आणि हप्ता भागवून त्याच्याकडे महिन्याला आणखी लाखभर रुपये उरतात. बाबा म्हणतात, "आधी घर मोकळं कर." ओंकारला अमेरिकेतल्या इंडेक्स फंडात पैसे टाकायचेत. हिशोब त्यानेच मांडला: दर महिन्याला लाख जादा भरले तर कर्ज २५ महिन्यांत संपतं आणि व्याज सुमारे २० लाखांऐवजी पावणेचार लाख जातं. पण तोवर हातात काही साठत नाही. दर रविवारी कॉलवर हाच विषय निघतो आणि फोन ठेवताना दोघंही नाराज असतात. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सविस्तर लिहा.

सातपूरकर
रुपया डॉलरपुढे वर्षानुवर्षं घसरतोच आहे. कमाई डॉलरमध्ये, कर्ज रुपयात, म्हणजे कर्ज आपोआप हलकं होतंय. मी तर म्हणेन हप्ता चालू ठेवा आणि इथल्या म्युच्युअल फंडात एसआयपी करा. शिवाय शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ८०-ई ची करसवलत कशाला घालवायची?

गंगापूर रोडची मेधा
माझ्या मुलीच्या वेळी व्याजाला सरकारी अनुदान मिळालं होतं. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आणावा लागला. तुम्ही अर्ज केलाय का?

डॅलसमधला पंचवटीकर
मेधाताई, ती सवलत शिक्षण चालू असतानाच्या व्याजाची होती. ओंकार आता हप्ते भरतोय, त्याला तिचा उपयोग नाही.

सातपूरकर, रुपयाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. रुपया वर्षाला तीन टक्के घसरला तरी डॉलरमध्ये हे कर्ज सात-साडेसात टक्क्यांना पडतं. कर भरून त्याहून जास्त परतावा दरवर्षी मिळेल असं कोणी सांगू शकत नाही. ८०-ई साठी भारतात करपात्र उत्पन्न आणि जुनी करपद्धत लागते. ओंकारचं भारतात उत्पन्नच नसेल तर सवलत कशातून घेणार? आणि अमेरिकेत करदाता असताना भारतीय म्युच्युअल फंड घेऊ नका. तिथला कर फार जाचक आहे, आणि साधारणपणे प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१ भरत बसावं लागतं.

आता माझं सांगतो. मी उरलेला प्रत्येक डॉलर कर्जात घातला. मग कंपनीत कपात झाली. एच-१बीवर नोकरी गेली की नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मी १२ लाख आगाऊ भरले होते, तरी पुढच्या महिन्याचा हप्ता पूर्ण द्यावाच लागला, कारण बँकेने मुदत कमी केली होती, हप्ता नाही. तीन हप्ते वडिलांनी पेन्शनमधून भरले. एक जरी चुकला असता तरी सिबिल त्यांचंही खराब झालं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. अमेरिकेतल्या ४०१-के या निवृत्ती खात्यात कंपनी जेवढी भर घालते तेवढं आधी घ्या. मग सहा महिन्यांचा अमेरिकेतला खर्च आणि भारतातले हप्ते बाजूला ठेवा. त्यानंतर कर्ज. आगाऊ भरताना शाखेला लेखी कळवा की मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा. १० लाख भरले तर ४३,२०० चा हप्ता २९,७०० वर येतो. नोकरी आहे तोवर ४३,२०० च भरत राहा, व्याज मुदत कमी केल्याइतकंच वाचतं. नोकरी गेली तर बंधन फक्त २९,७०० चं. दर बदलता असेल तर आगाऊ भरण्यावर दंडही नाही.

नाशिकरोडची वैशाली
मी कर्ज संपवलं, पण घर लगेच मोकळं झालं नाही. मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तरी मागे लागावं लागलं. सोसायटीच्या दप्तरातली बोजाची नोंदही काढून घ्या, नाहीतर फ्लॅट विकताना अडेल. त्या दिवशी आईने ती फाइल देवघरात ठेवली, एवढंच मला आठवतंय. परताव्याचं गणित मी केलंच नव्हतं.

सातपूरकर
८०-ई चं लक्षात नव्हतं. पण तिशीच्या आतली दोन वर्षं बाजाराबाहेर राहणं मला अजूनही पटत नाही. अर्धे-अर्धे करा.

धागाकर्ती
पंचवटीकर, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. नोकरी गेल्यावर हप्ता आपल्यावर येईल हे त्यांच्या मनात होतंच, बोलले नव्हते. ओंकार सहा महिन्यांची रक्कम आधी जमवायला तयार झालाय. त्यापुढे अर्धे-अर्धे की सगळं कर्जात, यावर दोघांचं अजून जुळलेलं नाही. काल बाबा शाखेत गेले होते. तिथे सांगितलं की जादा रक्कम भरली की सिस्टिम मुदतच कमी करते. अर्ज देऊन पोच घेतली आहे. नाशिकमध्ये कोणी हप्ता कमी करून घेतला असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं ते सांगाल का?