मदत हवी आहे: ४०० पानी अहवालाचा सारांश किती पानांचा करावा?

नमस्कार मंडळी. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीत जेटी प्रस्तावित आहे. जनसुनावणीआधी वाडीतल्या मच्छीमारांसाठी मी ४०० पानी पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवालाचा मराठी सारांश करतोय.

शाळेतल्या एक तृतीयांशच्या नियमाने १३० पानं होतात. ती कोण वाचणार? केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत सारांशाला कमाल १० पानांची मर्यादा आहे, पण अधिकृत सारांशात उपसलेला गाळ कुठे टाकणार हे एका ओळीत उरकलंय. जागा, घनमीटर आणि महिने कळले नाहीत तर नेमका आक्षेप घेणार कसा?

म्हणून सरसकट एकच प्रमाण नको वाटतं. गाळ-मासेमारीच्या ६० पानांना ४ पानं आणि हवा-आवाजाच्या १०० पानांना एक परिच्छेद, हे चालेल का? की वगळलेल्या भागावरून सुनावणीत अडचण येते? असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.