मदत हवी आहे: आभाराच्या ईमेलमध्ये ग्राहकाकडील काम कोणाच्या नावावर लिहावे?

काल एका संभाव्य ग्राहकासोबत आमच्या गोदाम-व्यवस्थापन सॉफ्टवेअरविषयी पहिली बैठक झाली. तपशील ताजे असतानाच, म्हणजे आज दुपारपर्यंत, मला आभाराचा ईमेल पाठवायचा आहे.

आमच्या बाजूची कामे स्पष्ट आहेत: सुधारित दरपत्रक मी शुक्रवारपर्यंत पाठवणार असून प्रात्यक्षिक आमचे तांत्रिक सहकारी पुढील बुधवारी दाखवणार आहेत. अडचण तिसऱ्या कामाची आहे. प्रात्यक्षिकासाठी त्यांच्या साठ्याची नमुना यादी लागते. ती देण्याचे मान्य झाले, परंतु खरेदी विभागाच्या व्यवस्थापकांनी ‘आम्ही पाठवतो’ एवढेच म्हटले आणि संगणक विभागाच्या प्रमुख मॅडम त्या वेळी गप्पच होत्या. ‘आपल्याकडून यादी अपेक्षित आहे’ असे मोघम लिहिले, तर दोघेही एकमेकांवर विसंबून राहतील (मागे एकदा असेच होऊन आमचे प्रात्यक्षिक रिकाम्या पडद्यावर उरकले होते). उलट, मॅडमनी न स्वीकारलेले काम त्यांच्या वरिष्ठांसमोर त्यांच्या नावावर टाकणे मला उद्धटपणाचे वाटते.

सध्या मी असे लिहिले आहे: ‘नमुना यादी सोमवारपर्यंत मिळाल्यास बुधवारचे प्रात्यक्षिक आपल्याच मालावर दाखवता येईल. ही यादी संगणक विभागाकडून येईल असे मी समजतो. तसे नसल्यास कोणाशी संपर्क साधावा, हे कृपया कळवावे.’

हे वाक्य व्यवस्थापकांना उद्देशून लिहून मॅडमना प्रत पाठवावी, की आधी मॅडमना फोन करून विचारावे आणि मगच नाव लिहावे?