तिघांच्या डावात सिएटल–न्यूयॉर्क ठेवावं का, आणि अडवाअडवी किती करावी?

ओंकार: ‘टिकट टू राइड’ हा रेल्वेमार्गांचा बोर्ड गेम, अमेरिकेचा नकाशा, तिघं खेळाडू. सुरुवातीच्या तीन तिकिटांत सिएटल–न्यूयॉर्क (२२) आलं तर ठेवायचं की परत करायचं? ठेवलं तर मार्ग लगेच घ्यायचे की पत्ते साठवायचे? आणि दुसऱ्याला अडवण्यात खेळी घालवावी का?

श्रीरंग: बिनधास्त ठेवा. खरी कमाई वाटेतल्या सहा डब्यांच्या मार्गांत आहे. सिएटल–हेलेना पिवळा, हेलेना–डुलूथ केशरी, डुलूथ–टोरंटो गुलाबी. तिन्हींचे १५-१५ गुण. पुढे टोरंटो–पिट्सबर्ग २ डबे, पिट्सबर्ग–न्यूयॉर्क २. बावीस डब्यांत मार्गांचेच ४९ होतात, तिकीट धरून ७१. आणि ४५ पैकी २३ डबे अजून शिल्लक.

मीनल: एवढं लांब जायचंच कशाला? डुलूथ–शिकागो ३, शिकागो–पिट्सबर्ग ३, झालं. वीस डब्यांत तिकीट पुरं. तिकिटासाठी नेहमी जवळचीच वाट धरावी.

श्रीरंग: दोन डबे वाचतात हे खरं, पण मार्गांचे गुण ४० वर येतात. खेळ्या मोजून बघा. चार पत्ते आधीच हातात असतात, पुढे एका खेळीत दोन उचलता येतात. एकही पत्ता वाया गेला नाही तर टोरंटोमार्गे पत्त्यांना ९ आणि मार्गांना ५, अशा १४ खेळ्या लागतात. शिकागोमार्गे १३. म्हणजे एक खेळी वाचवायला ९ गुण सोडायचे. गुलाबी येतच नसेल किंवा कुणाचे डबे झपाट्याने संपत असतील, तर मात्र शिकागोच बरं.

तेजस: अडकलं तर स्टेशन ठेवायचं ना! आमच्याकडे दर डावात कुणी ना कुणी तसंच सुटतं.

मीनल: स्टेशनं युरोपच्या नकाशावर असतात, तेजस. इथे मार्ग गेला की गेला.

फरीदा: साठवण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. कुठला मार्ग गेला तर किती महाग पडेल, त्यावरून क्रम ठरवा. सिएटल–हेलेना गेला तर कॅलगरीवरून ४ आणि ४. हेलेना–डुलूथ गेला तर ओमाहावरून ५ आणि २. डुलूथ–टोरंटो गेला तर सू सेंट मेरीवरून ३ आणि २, तेही करडे, म्हणजे कुठलाही एक रंग चालतो. शेवटच्या ठिकाणी डबा उलट एक कमीच लागतो, फक्त १५ ऐवजी ६ गुण मिळतात. म्हणून मधल्या भागासाठी निवांत पत्ते साठवता येतात. धोका न्यूयॉर्कच्या तोंडाशी आहे. पिट्सबर्गचा जोडमार्ग दिसतो दुहेरी, पण तिघांत त्यातला एकच वापरता येतो. दोन पांढरे किंवा दोन हिरवे जमताच तो घ्या. उघड्या पत्त्यांतलं इंजिन घेण्याची घाई करू नका, त्यात अख्खी खेळी जाते.

श्रीरंग: पूर्वेचा मार्ग आधी घ्यावा हे मान्य. पण सोबत व्हँकूव्हर–मॉन्ट्रियल (२०) आलं असेल तर पिट्सबर्गकडे जाऊच नका. व्हँकूव्हर–सिएटल १, मग तेच तीन सहाचे, टोरंटो–मॉन्ट्रियल ३, मॉन्ट्रियल–न्यूयॉर्क ३. पंचवीस डब्यांची सलग रेघ होते. मार्गांचे ५४, तिकिटांचे ४२, आणि सर्वात लांब मार्गाच्या १० गुणांवरही हक्क सांगता येतो. तेव्हा आधी घ्यायचा तो निळा मॉन्ट्रियल–न्यूयॉर्क.

तेजस: मग अडवायचं कुणाला? समोरचा लॉस एंजलिस, एल पासो, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स असा आला आणि आता लाल पत्तेच उचलतोय. मायामीलाच निघालाय, दुसरं काय!

फरीदा: मायामीला तीनच दारं आहेत आणि तिन्ही एकेरी: न्यू ऑर्लिन्सहून ६ लाल, अटलांटाहून ५ निळे, चार्ल्स्टनहून ४ गुलाबी. लालवाला तुम्ही घेतलात तर तुम्हाला १५ मिळतील, पण तो अटलांटामार्गे ४ आणि ५ असा जाईल, म्हणजे त्याला तीन डबे जास्त लागतील. त्याच्याकडे नऊपेक्षा कमी डबे उरले की ही अडवणूक पक्की बसते. त्याआधी केलीत तर तो सावध होऊन वळसा घेतो.

मीनल: नऊपर्यंत तो थांबेल कशाला? सहावा लाल हाती आला की एका खेळीत मार्ग त्याचा.

श्रीरंग: शिवाय तिघांत अडवण्याचा खर्च एकटा करतो आणि फायदा दोघांना होतो. लॉस एंजलिस–मायामी फसलं तर त्याचे २० जातात आणि वर २० वजा होतात, म्हणजे ४० चा फरक. तो तिसऱ्यालाही फुकटात मिळतो, आणि सहा लाल जमवण्यात तुमचं स्वतःचं तिकीट मागे पडतं. लाल आधीच हातात असतील तरच घ्यावा.

फरीदा: तिसरा मागे असेल तर त्याला मिळालेल्या फायद्याने काय बिघडतं? गुणफलकावर पुढे कोण आहे ते बघून ठरवा. पण त्याची तिकिटं झाकलेली असतात, तिथे मात्र अंदाजच.