मदत हवी आहे: प्रबंधातल्या चित्राखाली काय लिहायचं आणि संदर्भसूचीत काय?

मुळामुठा:
सवाई माधवरावांच्या काळातल्या पुण्यावरचा प्रबंध महिनाभरात जमा करायचाय. विद्यापीठाने एपीए, सातवी आवृत्ती सांगितली आहे. दोन आकृत्यांवर अडलंय. पहिली म्हणजे पुणे दरबारातल्या तहाचं थॉमस डॅनियलचं तैलचित्र. ते विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलंय आणि त्यातला फक्त मधला भाग कापून वापरलाय. दुसरी म्हणजे पेठांचा नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपचा विदा QGIS मध्ये घेऊन त्यावर जुन्या पेठांच्या हद्दी मीच काढल्यात. सध्या चित्राखाली '1790, सौजन्य: विकिपीडिया' आणि नकाशाखाली 'सौजन्य: इंटरनेट' आहे. मार्गदर्शक बाईंनी दोन्हींवर लाल फुली मारली.

सदाशिवपेठी:
डॅनियलला जाऊन पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. कॉपीराइट कधीच संपला. चित्राखाली काही लिहायची गरज नाही, सूचीत लिंक टाका आणि मोकळे व्हा.

टाचण:
हक्क संपले हे बरोबर, पण त्याने फक्त परवानगीचा प्रश्न सुटतो. मूळ कोणाचं आणि कुठे आहे, हे सांगावंच लागतं. सूचीतली नोंद वाचकाला मूळ चित्रापर्यंत नेते. आकृतीखालची टीप तुम्ही ते कुठून घेतलं, कोणत्या हक्काने छापलं आणि त्यात काय बदललं ते सांगते. चित्र छापलंय म्हणजे दोन्ही हवेत.

आधी साल सुधारा. 1790 हे तहाचं साल आहे, चित्र 1805 चं. डॅनियलने ते जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलं, आणि वेल्स 1795 मध्येच वारला होता. चित्राच्या नावातच 1790 असल्यामुळे ही चूक फार होते. तुमच्या प्रबंधात तर ती महागात पडेल, कारण प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी काढलेलं चित्र तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला पुरावा म्हणून मांडताय असं परीक्षकाला वाटेल.

सूचीत असं जाईल:

डॅनियल, थॉ. (1805). *सर चार्ल्स वॉर मॅलेट 1790 मध्ये पेशव्यांच्या दरबारात तह करताना* [तैलचित्र]. टेट, लंडन. (पुढे पानाचा पत्ता)

नाव मी मराठीत आटोपशीर केलंय, तुम्ही संग्रहालयाच्या पानावरचं पूर्ण नाव घ्या. एपीएत आकृतीचा क्रमांक आणि शीर्षक चित्राच्या वर येतं, खाली फक्त टीप:

*टीप.* थॉमस डॅनियल यांच्या 1805 मधील तैलचित्राचा मधला भाग. मूळ चित्र टेट, लंडन येथे. प्रतिमा विकिमीडिया कॉमन्सवरून (पत्ता). पब्लिक डोमेन. संशोधकाने कापून घेतली आहे.

पत्ता `File:` ने सुरू होणाऱ्या पानाचा द्या. upload.wikimedia.org ने सुरू होणारी लिंक नुसतं चित्र उघडते. चित्रकार, साल, परवाना यांतलं काहीच तिथे दिसत नाही.

गडवाट:
माझाही असाच प्रश्न. दिवाळी अंकासाठी राजगडाचा एक सुंदर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. 'साभार: व्हॉट्सअ‍ॅप' चालेल ना?

टाचण:
नाही हो. साभार म्हणजे परवानगी नव्हे, आणि व्हॉट्सअ‍ॅपने फोटो काढलेला नाही. फोटोवरून उलटा शोध घेऊन पाहा. छायाचित्रकार सापडला तर विचारा, नाही तर दुसरा फोटो घ्या.

सदाशिवपेठी:
फोटोला साठ वर्षं झाली की तो मोकळाच असतो, जुना असेल तर बिनधास्त छापा.

टाचण:
प्रकाशनापासून साठ वर्षं हा नियम कलम 25 चा होता. 2012 च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं मोजतात. जुन्या फोटोंना कोणता हिशोब लागतो ते प्रत्येक फोटोगणिक पाहावं लागतं, तेव्हा 'बिनधास्त' नको.

आता नकाशा. हद्दी तुमच्या, खालचे रस्ते आणि नदी ओपनस्ट्रीटमॅपची. टीपेत दोन्ही वेगळं दिसू द्या:

*टीप.* पेठांच्या हद्दी: संशोधक. आधारविदा: © OpenStreetMap contributors (openstreetmap.org/copyright), उतरवल्याची तारीख.

तारीख गाळू नका, तो विदा रोज बदलतो. सूचीत नकाशा घालायचा नाही, तो तुमचाच आहे, आधारविदा घाला. आणि हद्दी कशावरून काढल्या? एखाद्या जुन्या नकाशावरून गिरवल्या असतील तर तो टीपेतही हवा आणि सूचीतही.

मुळामुठा:
हो, एका छापील पुस्तकातल्या नकाशावरून गिरवल्यात. ते लिहायचं राहिलंच होतं. मग 'संशोधक' एवढंच चालणार नाही?

टाचण:
नाही. 'अमुक पुस्तक, पृष्ठ तमुक यावरून रूपांतरित' असं लिहा. पुस्तकानेही तो नकाशा दुसरीकडून घेतला असेल, म्हणून त्याखालची ओळ आधी वाचा.

मुळामुठा:
एक शेवटचं. प्रबंध शोधगंगेवर चढणार. पुस्तक अजून हक्कात आहे. संशोधनासाठीचा वापर म्हणून परवानगीशिवाय चालेल का?

टाचण:
कलम 52 मध्ये संशोधनासाठी सूट आहे, पण ती खासगी वापराची. सगळ्यांना खुला असलेला प्रबंध त्यात बसतो की नाही यावर मतं वेगळी आहेत. मी असतो तर प्रकाशकाला आजच पत्र टाकलं असतं.

सदाशिवपेठी:
कोणी विचारत नाही हो!