सिक्रेटिन दिल्यावर गॅस्ट्रिन कमी व्हायला हवे, मग वाढले कसे? (मदत हवी आहे)

प्रथमवर्ष_नागपूर
नमस्कार. मी नागपुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा अंतर्गत परीक्षा असून शरीरक्रियाशास्त्राच्या एका सराव प्रश्नावर अडलो आहे. रुग्णाला शिरेतून सिक्रेटिन दिले आणि काही मिनिटांत रक्तातील गॅस्ट्रिन वाढले, तर त्याचे कारण सांगा, असा तो प्रश्न आहे. सिक्रेटिन गॅस्ट्रिनचा स्राव रोखते, असे आम्हाला शिकवले आहे आणि पुस्तकातही तसेच आहे. उत्तरसूचीत मात्र गॅस्ट्रिनची वाढ अपेक्षित असल्याचे म्हटले आहे. ही छपाईची चूक आहे का? कृपया आजच उत्तर द्यावे.

महालकर
तेलकट खाल्ले की हेच संप्रेरक पित्ताशय आवळते. माझ्या पित्ताशयात खडे होते, तेव्हा सावजीचा रस्सा खाल्ला की तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ येई. शेवटी पित्ताशय काढावे लागले. तुमच्या रुग्णाची आधी सोनोग्राफी करून घ्यावी.

बीफार्म_सदर
महालकर काका, तुम्ही म्हणता ते कोलेसिस्टोकायनिन आहे. इथे प्रश्न सिक्रेटिनचा आहे.

धागाकर्त्याला सांगतो की ही छपाईचीच चूक असावी. जठरातून आलेल्या आम्लामुळे ड्युओडेनममधील पीएच साडेचारच्या खाली गेला की एस पेशी सिक्रेटिन सोडतात. मग स्वादुपिंडातून बायकार्बोनेटयुक्त पातळ रस येतो आणि जठरातील आम्लनिर्मितीही मंदावते. ज्या संप्रेरकाचे कामच आम्ल आवरण्याचे आहे, ते आम्ल वाढवणाऱ्या गॅस्ट्रिनला चालना कशाला देईल?

निवृत्त_शरीरक्रिया
छपाईची चूक आहे असे इतक्या लवकर ठरवू नये. धागाकर्त्याने प्रश्न अर्धाच उतरवला आहे, असे मला वाटते. सिक्रेटिन देण्यापूर्वी उपाशीपोटी गॅस्ट्रिन किती होते, जठररसाचा पीएच किती होता आणि रुग्ण आम्ल कमी करणारी कोणती औषधे घेत होता, या तिन्ही गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. निरोगी माणसाला सिक्रेटिन कोणी अशा रीतीने सहज टोचत नाही. ते दिले आहे याचाच अर्थ कोणाला तरी काहीतरी शंका होती.

प्रथमवर्ष_नागपूर
सर, मला फक्त शेवटच्या ओळीचे कारण हवे होते, म्हणून बाकीचे लिहिले नाही. पूर्ण प्रश्न असा आहे. ४६ वर्षांचा पुरुष. ड्युओडेनममध्ये आणि त्याच्या पुढे जेजुनममध्येही व्रण. बरेच दिवस पातळ, तेलकट शौच. उपाशीपोटी गॅस्ट्रिन ६४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. सिक्रेटिननंतर २ मिनिटांनी ७३५, ५ मिनिटांनी ७९० आणि १० मिनिटांनी ७६०. जठराचा पीएच १.२. व्रण आहेत म्हणजे आम्ल जास्त असणार हे उघडच असल्यामुळे पीएच आधी दिला नव्हता. औषधांचा उल्लेख प्रश्नात नाही.

निवृत्त_शरीरक्रिया
जो आकडा उघड समजून वगळला, सारे उत्तर त्याच्यावरच उभे आहे.

जठराच्या अँट्रम भागातील जी पेशी गॅस्ट्रिन सोडतात. अन्नातील पेप्टाइडे व अमिनो आम्ले, जठराचे ताणले जाणे आणि व्हेगस चेता त्यांना चालना देतात. गॅस्ट्रिनमुळे आम्ल वाढले आणि पीएच ३ च्या खाली उतरला की शेजारच्या डी पेशींतून सोमॅटोस्टॅटिन बाहेर पडते व जी पेशींना लगाम बसतो. म्हणून पीएच १.२ असताना निरोगी माणसाचे गॅस्ट्रिन खालीच असायला हवे. बहुतेक प्रयोगशाळा उपाशीपोटी १०० च्या आतील आकडा सामान्य धरतात. तुमच्या रुग्णात आम्लही भरपूर आहे आणि गॅस्ट्रिनही ६४० आहे. याचा अर्थ हे गॅस्ट्रिन अशा ठिकाणाहून येत आहे, जिथे आम्लाचा लगाम पोहोचत नाही. बहुधा ते स्वादुपिंडातील किंवा ड्युओडेनमच्या भित्तिकेतील गॅस्ट्रिनोमातून येत असावे. झोलिंगर आणि एलिसन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला विकार तो हाच.

आता वाढीचे कारण पाहू. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये कुत्र्याच्या जेजुनमच्या चेता तोडलेल्या भागात आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. संदेश रक्तातून जातो, हे त्यातून सिद्ध झाले. पण रक्तातून जाणारा संदेश सगळ्याच पेशींपर्यंत पोहोचतो आणि त्याचा परिणाम काय होणार हे ती ती पेशी ठरवते. स्वादुपिंडाच्या नलिकेतील पेशी सिक्रेटिनमुळे बायकार्बोनेट सोडते. अँट्रममध्ये सिक्रेटिनमुळे सोमॅटोस्टॅटिन वाढते आणि जी पेशी दबते. गॅस्ट्रिनोमाच्या पेशींवर मात्र सिक्रेटिनचे ग्राही थेट असतात. सिक्रेटिन त्यांना जुळले की पेशीतील सायक्लिक एएमपी वाढते आणि साठवलेले गॅस्ट्रिन बाहेर पडते. शेजारी डी पेशी नसल्यामुळे तिथे कसलाही अटकाव होत नाही. तुम्ही शिकलेला नियम खरा आहे, परंतु तो अँट्रमपुरता आहे. उत्तरसूचीही बरोबरच आहे.

बीफार्म_सदर
गॅस्ट्रिनोमात वाढ होते हे मान्य आहे. पण मग एवढा खटाटोप कशाला? ६४० हा आकडा सामान्यापेक्षा सहापट आहे, तेवढ्यावरच निदान व्हायला हवे.

निवृत्त_शरीरक्रिया
नाही, फक्त आकड्यावर निदान केले तर घात होईल. परनिशस ॲनिमियात जठराच्या वरच्या भागातील आम्ल तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. आम्लच नसल्यामुळे जी पेशींना लगाम बसत नाही आणि गॅस्ट्रिन १००० च्याही वर जाऊ शकते. तिथे गाठ नसते, लगाम सुटलेला असतो. हा रुग्ण आणि तुमचा रुग्ण यांतील फरक गॅस्ट्रिनच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही. तो पीएचवरून लगेच कळतो, एकाचा ६ च्या पुढे आणि दुसऱ्याचा २ च्या खाली. गॅस्ट्रिन १००० च्या वर आणि पीएच २ च्या खाली असेल, तर अँट्रम आतड्यात राहून गेलेल्या जुन्या शस्त्रक्रियेसारखे अपवाद वगळता निदान बहुतेक पक्के होते. १०० ते १००० च्या मधल्या पट्ट्यात सिक्रेटिन चाचणीचा खरा उपयोग आहे.

रामदासपेठ_गृहिणी
मध्येच विचारते आहे, क्षमा असावी. माझ्या सासूबाई कित्येक वर्षांपासून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेतात. तपासणीत त्यांचे गॅस्ट्रिन ३८० आले आहे. हा धागा वाचल्यापासून माझ्या मनात धास्ती बसली आहे. गोळी आजपासून बंद करावी का?

निवृत्त_शरीरक्रिया
ताई, घाबरू नका आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करते, आम्ल कमी झाले की जी पेशींवरचा लगाम ढिला होतो आणि गॅस्ट्रिन चढते. वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्यांत असे नेहमीच आढळते. मात्र ३८० हा आकडा केवळ गोळीमुळेच आहे असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, कारण त्यासाठी त्यांच्या डॉक्टरांना जठराचा पीएच आणि बी-१२ पाहावे लागेल. गोळी थांबवून पुन्हा तपासायचे की नाही हेही डॉक्टरांनीच ठरवावे. गोळी एकाएकी थांबवली तर आम्ल उसळून येते, आणि खरोखर गॅस्ट्रिनोमा असेल तर व्रणातून रक्तस्रावही होऊ शकतो.

महालकर
ताई, सासूबाईंना तिखट कमी द्या. माझा त्रास तिखट सोडल्यावरच कमी झाला.

रामदासपेठ_गृहिणी
काका, त्या तिखट खातच नाहीत. सर, त्यांचे बी-१२ गेल्या वर्षी कमी आले होते, हे सांगायचे राहिले. आता रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाते.

एमडी_मेडिसिन_द्वितीय
सरांच्या विवेचनाशी सहमत आहे, पण या प्रश्नातील आकड्यांवर माझा आक्षेप आहे. चाचणीत ०.४ मायक्रोग्रॅम प्रति किलो सिक्रेटिन शिरेतून देतात आणि पुढच्या अर्ध्या तासात ठरावीक वेळांनी नमुने घेतात. इथे सर्वाधिक आकडा ७९० आहे, म्हणजे वाढ १५० झाली. जुना निकष २०० किंवा अधिक वाढीचा होता. त्याप्रमाणे ही चाचणी सकारात्मक ठरत नाही. नंतर १२० चा निकष आला, त्याप्रमाणे ती सकारात्मक आहे. प्रश्नकर्त्याने नेमकी मधलीच संख्या निवडली आहे.

बीफार्म_सदर
मग २०० चाच निकष धरावा. निकष सैल केला तर निरोगी माणसालाही रुग्ण ठरवले जाईल.

एमडी_मेडिसिन_द्वितीय
ही भीती सरसकट खरी नाही. निरोगी माणसात सिक्रेटिनने गॅस्ट्रिन जवळजवळ हलत नाही किंवा किंचित उतरते, त्यामुळे १२० ची वाढ सहजासहजी होत नाही. २०० चा आग्रह धरला तर खरे रुग्ण निसटतात. फसगत होते ती आम्ल नसलेल्या रुग्णात, कारण त्यांच्यात गाठ नसतानाही सिक्रेटिननंतर आकडा चढलेला आढळला आहे. म्हणजे इथेही पीएच आधी पाहावा लागतो. या रुग्णाचा पीएच १.२ असल्यामुळे मी ही चाचणी सकारात्मक धरेन.

निवृत्त_शरीरक्रिया
मीही तसेच धरेन. पण आम्ही शिकवत होतो त्या काळात २०० हाच आकडा होता आणि अजूनही काही पुस्तकांत तो आहे. परीक्षक कोणत्या पुस्तकावरून शिकलेले आहेत हे मला सांगता येणार नाही.

प्रथमवर्ष_नागपूर
एक शंका अजून आहे. रुग्णाच्या शौचात चरबी का जाते? ड्युओडेनममध्ये चरबी पोहोचली की कोलेसिस्टोकायनिन सुटते, त्यामुळे स्वादुपिंडातून लायपेज येते आणि पित्तही येते. एवढ्या आम्लामुळे सिक्रेटिनही भरपूर सुटत असणार. मग पचन बिघडते कुठे?

निवृत्त_शरीरक्रिया
सिक्रेटिन सुटते आणि बायकार्बोनेटही येते, पण आम्लाचा लोंढा त्याला आवरत नाही. जठर रात्रंदिवस आम्ल सोडत राहते आणि उपाशीपोटीही तासाला १५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त आम्ल येते. ड्युओडेनम व जेजुनम आम्लधर्मीच राहतात. लायपेज तिथे पोहोचते, पण पीएच ४ च्या खाली ते कायमचे निकामी होते. पित्तक्षारांचाही काही भाग आम्लात साक्यासारखा खाली बसतो आणि चरबीचे सूक्ष्म थेंब नीट बनत नाहीत.

कोलेसिस्टोकायनिनची चालनाही पूर्ण राहत नाही, कारण आय पेशींना मुख्यतः सुटी झालेली मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइडे जाणवतात, न फुटलेली चरबी फारशी जाणवत नाही. म्हणजे लायपेज बिघडले की लायपेज मागवणारा संदेशही क्षीण होतो. हे ताडून पाहायचे असेल तर एवढेच पाहा की आम्ल दाबणारे औषध सुरू केल्यावर या रुग्णांचे जुलाब बहुधा थांबतात, स्वादुपिंडाला काहीही केलेले नसताना.

प्रथमवर्ष_नागपूर
धन्यवाद सर. उत्तरात आधी पीएच, मग १५० ची वाढ आणि त्यानंतर ट्यूमर पेशीवरील ग्राही, या क्रमाने लिहीन. निकष १२० चा की २०० चा, हे मात्र उद्या विभागात विचारावे लागेल.

एमडी_मेडिसिन_द्वितीय
दोन्ही आकडे लिहा आणि तुम्ही कोणता धरला ते एका वाक्यात सांगा. व्हायव्हात विचारले तर जी पेशींच्या अतिवृद्धीचेही नाव घ्या. तिथे आम्ल आणि गॅस्ट्रिन दोन्ही वाढलेले असतात, पण सिक्रेटिनने आकडा फारसा हलत नाही आणि जेवणानंतर मात्र झपाट्याने चढतो.