तक़्वा म्हणजे भय की बचाव? ‘त’खाली न सापडलेला शब्द

वहीचीपानं: अरबी शिकण्याचं माझं दुसरं वर्ष. कुराणाच्या मराठी भाषांतरांत ‘तक़्वा’ला ‘ईशभय’ म्हटलेलं दिसतं. मी शब्दकोशात ‘त’खाली शोधत बसले आणि मिळेना. बाई म्हणाल्या, ‘वाव’ म्हणजे ‘व’खाली बघ. तिथे तीन अक्षरांचं मूळ निघालं वाव-क़ाफ़-या, अर्थ वाचवणं, राखणं. भयाचा पत्ताच नाही! माझं मत असं की ‘ईशभय’ हे सरळ चुकीचं भाषांतर आहे. पटतंय का? आणि ‘व’ पुढून मागे गेला तर जागेवर ‘त’ कुठून आला?

कुळागर: एवढं लांब कशाला जायचं? तकवा मराठीत आहेच की. तापातून उठलं की आई म्हणते, अंगात तकवा नाही. ताकदही त्यातलीच. म्हणजे तक़्वा हे आत्मबळ. भय नाही आणि बचावही नाही.

शब्दहमाल: कुळागर, कानाला सारखं लागतं खरं, पण घर वेगळं. आपला तकवा ‘तक़्वियत’वरून आला असं मी धरतो. त्याचं मूळ क़ाफ़-वाव-या, म्हणजे आपल्या ‘कुवत’चं. अक्षरं तीच, क्रम वेगळा, आणि अरबीत क्रम बदलला की कुटुंब बदललं. ताकद तर तिसरीच. तिचा ‘त’ हा ‘तोय’, जाड उच्चाराचा. देवनागरीत दोन्ही ‘त’ एक होतात आणि आपण फसतो.

वहीचीपानं, ‘व’ पुढून मागे गेलेला नाही. तुमच्या शब्दात दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्यात. ‘वक़ा’ म्हणजे त्याने वाचवलं. ‘स्वतःला वाचवलं’ म्हणायचं तर पहिल्या मुळाक्षरानंतर एक ‘त’ घुसवायचा साचा आहे. त्यातून व्हायला हवं ‘इव्तक़ा’. पण तिथे ‘त’च्या पुढ्यात ‘व’ टिकत नाही, तोही ‘त’ होतो: इत्तक़ा. तुम्ही हे रोज ऐकता. माफक हा शब्द ‘मुवाफ़िक़’वरून आला, मूळ वाव-फ़े-क़ाफ़. त्याच मुळाला हा साचा लावला की ‘इत्तेफाक’. ‘वाहिद’ला लावला की ‘इत्तेहाद’. दोन्हीकडे ‘व’ त्या दुहेरी ‘त’मध्ये बुडालेला आहे.

आता नाम. तक़्वाचा साचा ‘दावा’ आणि ‘फतवा’ यांचाच. या साच्यात मुळाच्या शेवटी ‘या’ असेल तर नामात तिचा ‘वाव’ होतो. फतव्याचं मूळ फ़े-ते-या, आणि त्याच अर्थाच्या ‘फ़ुत्या’ या दुसऱ्या रूपात ती ‘या’ अजून दिसते. म्हणून तक़्वातला ‘वा’ हा शेवटच्या ‘या’चा वेश आहे आणि ‘त’ हा पहिल्या ‘वाव’चा. धड जागेवर राहिला तो एकटा क़ाफ़.

वहीचीपानं: अरे बापरे. म्हणजे मी उलटंच समजत होते. पण मग माझा मुद्दा पक्काच झाला ना? मूळ बचावाचं, तर अर्थ बचावाचा. भय बाद.

सरळवाट: इथेच माझा आक्षेप. तेल हा शब्द तिळावरून आला. म्हणून खोबरेल तेलात तीळ शोधणार का? शब्द कुठून आला आणि तो आज काय करतो, हे दोन प्रश्न आहेत. सूरा हज्जची पहिली आयत बघा: लोकहो, आपल्या पालनकर्त्याचा ‘इत्तक़ू’ करा, प्रलयाच्या त्या घटकेचा भूकंप भयंकर आहे. इथे ‘पालनकर्त्यापासून स्वतःला वाचवा’ लिहिणार? शत्रूबद्दल बोलल्यासारखं वाटेल. भाषांतरकारांनी ‘भय’ काही झोपेत लिहिलेलं नाही. आणि तुमचंच व्याकरण तुमच्या विरुद्ध जातं. ‘तक़ी’ म्हणजे तक़्वा असलेला, ‘अत्क़ा’ म्हणजे जास्त तक़्वा असलेला, ही रूपं बघा. त्यांत तो घुसवलेला ‘त’ लागत नाही, तरी ‘त’ आहेच. बोलणाऱ्यांनी ‘त’लाच मुळाक्षर धरलं. त्यांना ‘वक़ा’ आठवत होतं कशावरून?

शब्दहमाल: शेवटचा मुद्दा चांगला आहे. जुन्या कोशकारांनीही ‘तक़ा’ असं क्रियापद नोंदवलंय, जणू मूळ ‘त’नेच सुरू होतं. पण आठवत नव्हतं म्हणाल तर सूरा ज़ुमर, आयत 24 घ्या. निवाड्याच्या दिवशी वाईट यातना जो आपल्या चेहऱ्याने ‘यत्तक़ी’ करील, असं तिथे आहे. एरवी माणूस हाताने चेहरा वाचवतो, इथे ढाल म्हणून चेहराच उरलाय. ‘चेहऱ्याने भितो’ असं भाषांतर करून बघा, वाक्यच उभं राहत नाही. इस्लामपूर्व कवी नाबिग़ाच्या एका ओळीत स्त्रीचा पदर गळतो, ती तो उचलते आणि तेवढ्यात हाताने आमच्यापासून ‘इत्तक़त’. तिने हात आड धरला. म्हणजे धोका आणि आपण यांच्या मध्ये काहीतरी धरणं, हे चित्र जिवंत होतं. भय त्या चित्राला चिकटून आलं, कारण धोक्याशिवाय कोणी हात आड धरत नाही. तेव्हा तुमचं भयही घरचंच आहे, फक्त ते पाहुणं म्हणून आलं आणि मुक्कामाला राहिलं.

वहीचीपानं, एक सापळा सांगून ठेवतो, मी स्वतः त्यात पडलोय. सूरा नह्लच्या 81व्या आयतीत ‘तक़ीकुम’ येतं, तुम्हाला उन्हापासून वाचवणारे कपडे. मूळ आपलंच, पण तिथला ‘त’ हा वाव नव्हे. तो क्रियापदाच्या रूपाचा उपसर्ग आहे आणि वाव पार गळून गेलाय. सूरा बक़राच्या 24व्या आयतीत उलटी गंमत. ‘फ़त्तक़ू’, म्हणजे ‘तर स्वतःला वाचवा’, याला लागूनच आगीचं ‘वक़ूद’ येतं. ते इंधन, मूळ वाव-क़ाफ़-दाल, काही संबंध नाही. वाव-क़ाफ़ दिसलं की पळत सुटायचं नाही, तिसरं अक्षर मोजायचं.

खाडीकाठ: मी रत्नागिरीकडचा. भाच्याचं नाव तक़ी ठेवायचं घरात चाललंय. हे सगळं वाचून वाटलं, त्याचा अर्थ ‘भित्रा’ होतो की काय! आमची आजी तक़्वा समजावताना काट्यांच्या वाटेची गोष्ट सांगायची. हज़रत उमरना कोणीतरी विचारलं होतं म्हणे, काट्यांतून कसे चाललात? कपडे आवरून, जपून. तोच तक़्वा. मग मराठीत ‘जपणं’च का नाही म्हणत? स्वतःला जप म्हणजे सांभाळ, आणि जपून चाल म्हणजे सावध राहा. दोन्ही आलं.

शब्दहमाल: त्या गोष्टीत विचारणारे उमर आणि उत्तर देणारे प्रेषितांचे सहकारी उबय्य, असंही सांगतात. पण ‘जपणं’ मला सुचलं नव्हतं, खरंच. भाच्याच्या नावाला काही धोका नाही. उर्दू कवी मीर तक़ी मीर भित्रे म्हणून ओळखले जात नव्हते.

सरळवाट: सुचना छान, पण ‘अल्लाहला जपा’ लिहून बघा. वाचणाऱ्याला वाटेल अल्लाहलाच सांभाळायचंय. आणि बऱ्याच मराठी वाचकाला ‘जप’ म्हटलं की माळ दिसते.

वहीचीपानं: रात्री बसून तिन्ही ठिकाणी घालून पाहिलं. ‘नह्ल’ला ‘वाचवणं’ बसतं. ‘ज़ुमर’ला ‘जपणं’ बसत नाही, ‘चेहरा आड धरणं’च लागतं. ‘हज्ज’ला मी ‘पालनकर्त्याला जपून असा’ लिहिलं. आमच्याकडे ‘बैलाला जपून अस, मारका आहे’ म्हणतात, तसं. सरळवाटना हे आवडणार नाही, ठाऊक आहे.

सरळवाट: बैल?! मी ‘भय’च ठेवतो.