यूएटी नापास, गो-लाइव्ह लांबलं. स्टिअरिंग कमिटीला मेल कसा लिहू?

ईडीपीवाला_सांगली
मंडळी, सल्ला हवाय. आपल्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात नवीन ईआरपी बसवतोय. २० ऑक्टोबरला गो-लाइव्ह ठरलेलं. यूएटीत ६४ पैकी ५३ केसेस पास, ११ फेल. त्यातली एक जबर आहे, ऊस बिलातली वजावट. उद्या सकाळी मेल जायला हवा. कमिटीत एमडी साहेब, चीफ अकाउंटंट, शेती अधिकारी आणि व्हेंडरचे दोघं. माझी सुरुवात अशी:

"यूएटीदरम्यान काही तांत्रिक अडचणी आढळल्या असून त्यांचे निराकरण प्रगतिपथावर आहे. ८३ टक्के चाचण्या यशस्वी झाल्या आहेत."

बरं वाटतंय का?

मिरजकर७२
८३ टक्के पहिल्या ओळीत घ्या. वाचणारा निम्मा शांत होतो. आणि व्हेंडरची चूक आहे हे स्पष्ट लिहा, नाहीतर खापर तुमच्यावर.

ऊसवाला_पलूस
म्हणजे यंदाही बिल उशिरा? ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज, असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. सॉफ्टवेअरचं कारण आम्हाला सांगू नका.

ईडीपीवाला_सांगली
दादा, बिल अजून थांबलेलं नाही, गाळपच सुरू व्हायचंय. पण १४ दिवसांचं तुम्ही बोललात ते मेलमध्ये असायला हवं, ते सुचलंच नव्हतं.

जुना_पीएम
८३ टक्के काढून टाका. ज्या केसमध्ये पैसे चुकतात ती एक फेल असली तरी बाकीच्या ५३ ला अर्थ नाही. एमडी साहेबांना कळलं पाहिजे की नक्की काय चुकतंय. वजावटीचं एक बिल आकड्यांसकट सांगा बघू.

ईडीपीवाला_सांगली
मागच्या हंगामातला एक पंधरवडा नव्या सिस्टिममध्ये परत चालवला. एका शेतकऱ्याचा ऊस १८.४२० टन, चाचणीला दर ३,००० धरला, बिल ५५,२६०. सोसायटीची वसुली ५२,०००, ती आधी. मग कारखान्याच्या खताचे ४,६००. शिल्लक फक्त ३,२६०, म्हणजे खताचे तेवढेच कापून १,३४० पुढच्या बिलावर जायला हवेत. नवी सिस्टिम खताचे पूर्ण ४,६०० कापलेले दाखवते, देय रक्कम शून्य करते, आणि खतखातं निल. १,३४० गायब!

सापडलं ते अकाउंट्सच्या मावशींमुळे. त्यांनी एकूण वजावट अधिक देय रक्कम यांची बेरीज बिलाशी ताडून पाहिली. ५६,६०० आली. व्हेंडरच्या चाचणीत बिलं मोठी आणि वजावट किरकोळ होती, त्यामुळे तिथे हे आलंच नाही.

जुना_पीएम
हेच मेलमध्ये जाऊ दे, चार ओळींत. व्हेंडरला दोष द्यायची गरज नाही, चूक वजावटीच्या नियमात आहे एवढं पुरतं. ते दोघंही मेल वाचणार आहेत, आणि दुरुस्ती त्यांच्याकडूनच करून घ्यायचीय. असं काहीसं:

"२० ऑक्टोबरचे गो-लाइव्ह होणार नाही. बिलापेक्षा वसुली जास्त असेल तेथे कारखान्याची येणे बाकी पुढे न जाता पुसली जाते (सोबत एक बिल). त्यामुळे यूएटीची 'एकही गंभीर दोष नको' ही अट पूर्ण झालेली नाही. दुरुस्ती २७ तारखेपर्यंत मिळेल. तोच पूर्ण पंधरवडा पुन्हा चालवून जुन्या बिलांशी ताळा जमला, तरच लवकरात लवकर ५ नोव्हेंबर. ताळा ३ तारखेला कळवतो. तोपर्यंत हंगाम जुन्या सिस्टिमवर सुरू करण्यास मान्यता हवी."

तारीख अटीसह द्या. नुसती ५ दिलीत तर तीच धरून बसतील. आणि मान्यता शेवटी पुरली जाऊ नये म्हणून विषयाच्या ओळीतही घाला.

मिरजकर७२
पण सगळंच कशाला अडवायचं? मोळी टाकल्या दिवसापासून वजनकाटा लागतो, पहिलं बिल पंधरवड्यानंतर. काटा नव्यावर सुरू करा, बिलाला दोन आठवडे मिळतात.

जुना_पीएम
विचार चुकीचा नाही. पण दुरुस्ती दुसऱ्यांदाही फेल गेली तर? नव्या काट्याची वजनं जुन्या बिलिंगमध्ये कशी जाणार? तो रस्ता तपासलेला नसेल तर हजारो वजनं हातानं भरत बसाल. मग पलूसचे दादा म्हणतात ते १४ दिवस खरंच अंगावर येतील. स्टोअर्स मात्र वेगळं सुरू करता येतं, त्याचा उसाशी संबंध नाही.

ईडीपीवाला_सांगली
वजनं सीएसव्हीतून जुन्यात ओढता येतात असं आमचा ऑपरेटर म्हणतोय. कधी करून पाहिलेलं नाही. उद्या एका दिवसाची वजनं घालून बघतो. मेल मात्र आजच पाठवतोय, वरच्या मसुद्याप्रमाणे, आणि काट्याचा पर्याय "तपासत आहोत" एवढाच लिहून.

ऊसवाला_पलूस
त्या मावशींचं नाव मेलात घाला हो.